प्रदर्शनाआधी पंधरा मिनिटं मागायची तर कोणाला, कधी आणि काय लिहायचं

प्रश्न: लातूरला आमचं वर्कशॉप आहे. डाळ मिलसाठी डिस्टोनर आणि ग्रॅव्हिटी सेपरेटर बनवतो. फेब्रुवारीत हैदराबादला हायटेक्समध्ये धान्य प्रक्रियेच्या प्रदर्शनात ३ बाय ३ मीटरचा स्टॉल घेतलाय. मागच्या वेळी चारशे जणांना व्हॉट्सॲपवर "आमच्या स्टॉलला अवश्य भेट द्या" पाठवलं, त्यातले दोघं आले. या वेळी मोजक्या मिलवाल्यांशी आधीच वेळ ठरवून बोलायचंय. कोणाला लिहू, कधी लिहू, आणि काय लिहू?

उत्तर:

मागचा मेसेज ब्रॉडकास्ट यादीतून पाठवला असेल, तर त्या चारशेतल्या बऱ्याच जणांना तो मिळालाच नसणार. ब्रॉडकास्टचा मेसेज, ज्यांच्या फोनमध्ये तुमचा नंबर सेव्ह आहे त्यांनाच पोचतो. तुमच्याकडे त्यांचा नंबर असून उपयोग नाही. ज्यांना मिळाला त्यांनाही तो सणाच्या शुभेच्छांसारखा वाटला असेल, म्हणजे बघितला आणि पुढे सरकवला. त्यामुळे "लोक येत नाहीत" हा निष्कर्ष इतक्यात काढू नका. तुम्ही अजून कोणाला नीट विचारलेलंच नाही.

मी चिकलठाण्याच्या एमआयडीसीत एलिव्हेटर आणि क्लीनर बनवतो. गेली वीस-बावीस वर्षं प्रदर्शनांना जातोय, म्हणजे तुमच्याच गिऱ्हाइकांच्या दारात उभा असतो. पहिली सात-आठ वर्षं मीही फुगे लावून वाट बघत बसायचो.

सुरुवात मजकुरापासून करू नका. तुमच्या स्टॉलवर ठरवलेल्या भेटी मावतात किती, ते आधी बघा. समजा प्रदर्शन तीन दिवस, सकाळी दहा ते संध्याकाळी सहा. दुपारी बारा ते चार फिरत्या लोकांची गर्दी असते. त्यात कोणाला वेळ दिलात तर तो येऊन उभा राहील आणि तुम्ही दुसऱ्याच कोणाला डेकचा उतार समजावत असाल. म्हणून मी ठरवलेल्या भेटी सकाळी साडेदहा ते बारा आणि दुपारी साडेचार ते साडेपाच एवढ्यातच बसवतो. एका भेटीला अर्धा तास धरतो. समोरच्याला मात्र पंधरा मिनिटंच सांगतो, उरलेली पंधरा उशिराने येणाऱ्यासाठी आणि आपल्याला पाणी प्यायला. असे दिवसाला पाच होतात. पहिल्या दिवसाची सकाळ सोडून द्या, कारण उद्घाटन असतं आणि वायरमन अजून स्टॉलमागे वाकलेला असतो. शेवटच्या दिवसाची संध्याकाळही सोडा, चार वाजल्यापासून लोक खोके बांधायला लागतात. उरल्या दहा भेटी. तीन बाय तीनच्या स्टॉलवर, तुम्ही आणि एक माणूस असताना, दहाच्या वर मला कधी नीट जमलेल्या नाहीत.

दहा भेटींसाठी यादी पंचवीस नावांची करा, पण पंचविसांना एकदम विचारू नका. क्रम लावा आणि आधी वरच्या बाराजणांना विचारा. नकार येतील तसे खालचे वर घ्या. सगळ्यांना एकाच दिवशी विचारलं आणि सतराजण हो म्हणाले, तर सात जणांना फिरवावं लागेल, आणि फिरवलेला मिलवाला पुढच्या वर्षी फोन उचलत नाही.

आता यादीत कोण? इथे मला सगळ्यात जास्त वेळ लागतो, मजकूर लिहायला दहा मिनिटं पुरतात. मी तीन गोष्टी बघतो. त्याची अडचण मला माहीत आहे का? वर्षभरात तो काही घेण्याच्या बेतात आहे का? आणि तो खरंच प्रदर्शनाला येणार आहे का? तिसरा प्रश्न लोक विसरतात. फेब्रुवारी म्हणजे नव्या तुरीचा हंगाम. मिल दोन पाळ्यांत चाललेली असते, शेठ मोंढ्यात सौद्याला उभे असतात. त्यामुळे आधी नुसता फोन करा, "हैदराबादला येताय का?" एवढंच विचारायला. स्टॉलचं नाव काढू नका. "एक दिवस येऊन जाऊ म्हणतोय" असं उत्तर आलं की कोणता दिवस ते विचारा आणि वहीत लिहून ठेवा. पुढे वेळ मागताना तोच दिवस वापरायचा आहे.

नावं कुठून आणायची? तुमच्या सर्व्हिसच्या वहीतून. गेल्या दोन वर्षांत ज्यांनी बेअरिंग, जाळी किंवा पंख्यासाठी फोन केला, ती माणसं अनोळखी चारशेजणांपेक्षा मोलाची. त्यानंतर मागच्या प्रदर्शनातली व्हिजिटिंग कार्डं, पण ज्यांच्या मागे तुम्ही काही लिहून ठेवलंय तेवढीच. कोरी कार्डं बाजूला ठेवा. प्रदर्शनाच्या ॲपमध्ये नोंदणी केलेल्यांची यादी दिसते आणि तिथूनच भेटीची विनंतीही करता येते. तिचा उपयोग जरूर करा, पण एक गोष्ट लक्षात ठेवा. ॲपवर बरेचजण आलेली प्रत्येक विनंती न वाचता मंजूर करतात. ॲपवरचा होकार मी अर्धा धरतो, फोनवर बोलणं झाल्यावरच पुरा.

तुमच्या धंद्यात आणखी एक माणूस विसरू नका. पैसे शेठ देतात, पण मशीन बरं की वाईट हे मिस्त्री ठरवतो. मिस्त्रीने "हे आपल्याकडे नाही चालायचं" म्हटलं की विषय संपला. विनंती शेठनाच करा, पण मिस्त्रीला सोबत आणायला सांगा. शेठनाही ते आवडतं, कारण निर्णयाचं ओझं वाटलं जातं.

आता भेटीचं कारण. "आमची नवीन मशीन्स दाखवायची आहेत" हे तुमचं कारण झालं, त्यांचं नाही. पंधरा मिनिटांनी उठताना समोरच्याला कोणती गोष्ट कळलेली असेल, जी आत्ता त्याला माहीत नाही? तेवढंच लिहायचं. हे नुसतं सांगून कळत नाही, म्हणून एक उदाहरण शेवटपर्यंत करून दाखवतो.

समजा उदगीरची एक तूर मिल आहे. त्यांच्याकडे डिस्टोनर आहे, चार-पाच वर्षं जुना. दिवाळीनंतर ते तुम्हाला म्हणाले होते की डिस्टोनर नीट चालतो, तरी मातीची ढेकळं पुढे जातात, रोलमध्ये फुटतात आणि डाळीला मातकट रंग येतो. आपल्याकडच्या काळ्या रानातली तूर, त्यामुळे तुरीएवढी गोल ढेकळं तिच्यात असायचीच. तुम्हाला ठाऊकच आहे, डिस्टोनर खडा काढतो तो वजनाच्या फरकावर. खालून हवा तूर उचलून धरते, जड खडा डेकला चिकटून वर चढतो आणि बाहेर पडतो. वाळलेलं ढेकूळ मात्र खड्यापेक्षा बरंच हलकं आणि तुरीपेक्षा थोडंच जड असतं, म्हणून ते तुरीबरोबर वाहत जातं. पुढे रोलमध्ये त्याची एकदा भुकटी झाली की सॉर्टेक्सलाही पकडता येत नाही. शेठचा समज असा की डिस्टोनर खराब झालाय, नवा घ्यावा लागेल. तुम्हाला वाटतं की प्रतवारी केलेली तूर ग्रॅव्हिटीवर घेतली तर बरीचशी ढेकळं वेगळी पडतील. पण त्यांच्या मालात किती पडतील, हे तुम्हालाही चालवून बघितल्याशिवाय सांगता येत नाही.

पंधरा मिनिटं मागायला यापेक्षा चांगलं कारण शोधून सापडणार नाही. मेसेज असा जाईल:

"नमस्कार शेठजी, लातूरहून डिस्टोनरवाला बोलतोय. दिवाळीनंतर तुम्ही म्हणाला होतात, डिस्टोनर लावूनही ढेकळं रोलपर्यंत जातात. हैदराबादच्या प्रदर्शनात तुमचीच तूर ग्रॅव्हिटीवर चालवून किती ढेकळं निघतात ते तुमच्यासमोर बघू. १५ मिनिटं लागतील. तुम्ही शुक्रवारी येताय म्हणालात, तर सकाळी ११ जमेल की दुपारी ४.३०? हॉल ३, स्टॉल सी-२७. मिस्त्रींना सोबत आणलंत तर बरं होईल."

यात काय नाही ते बघा. कंपनी कधी स्थापन झाली ते नाही, आयएसओ नाही, "आपली उपस्थिती प्रार्थनीय" नाही, पीडीएफ नाही, मशीनचा फोटो नाही. फोन लॉक असताना पडद्यावर मेसेजच्या पहिल्या एक-दोन ओळीच दिसतात. त्या ओळींत तुम्ही कोण आणि त्यांची अडचण कोणती, हे आलं पाहिजे. बरोबर फोटो जोडला तर ती जागा तोच खाऊन टाकतो. शेठना माहितीपत्रक हवं असेल तर ते मागतील, आणि मागून घेतलेलं उघडून बघतात.

दोन वेळा द्यायच्या, एक नाही आणि "तुमच्या सोयीने" तर मुळीच नाही. "सोयीने" म्हटलं की उत्तर येतं, "बघू, आलो की फोन करतो." हा गोड शब्दांतला नकार आहे. दोनातली एक निवडायची असेल तर माणूस "११" एवढंच टाइप करून मोकळा होतो, आणि मोंढ्यात उभ्या माणसाला तेवढंच जमतं.

"निघतील" असं लिहिलेलं नाही, "किती निघतात ते बघू" असं लिहिलंय, हेही बघा. जे मशीन करेल याची खात्री नाही ते लिहून देऊ नका. व्हॉट्सॲपवर लिहिलेलं वर्षभर राहतं, आणि तुमचंच वाक्य तुम्हाला दाखवणारा गिऱ्हाईक मी बघितलाय.

पुढची पायरी बहुतेक लोक करत नाहीत. त्यांनी हो म्हटलं की नमुना आधीच मागवून घ्या. "येताना आणा" म्हटलं तर गाडीत बसताना विसरतात, किंवा पिशवीत किलोभर आणतात. किलोभरात काही होत नाही. डेक पूर्ण झाकला जाईल एवढा माल पडल्याशिवाय ग्रॅव्हिटी खरा निकाल देत नाही. डेकवर मोकळी जागा राहिली की तिथून हवा फुकट निसटते आणि सगळंच मिसळून खाली येतं. तुमच्या छोट्या मॉडेलला किती माल लागतो ते आधी वर्कशॉपमध्ये स्वतः चालवून ठरवा, आणि तेवढा अधिक थोडा जादा मागवा. आलेला माल घरीच चाळून एका मापाचा करून ठेवा, नाहीतर मोठी तूर आणि बारीक ढेकूळ एकाच वजनाचं ठरेल आणि प्रदर्शनात सगळ्यांसमोर तुमची फजिती होईल. आधी एकदा चालवूनही बघा. ढेकळं निघतच नसतील तर तुम्हाला ते आठ दिवस आधी कळेल आणि शेठना सरळ सांगता येईल.

नमुना आधी मागवण्याचा दुसरा फायदा असा की माणूस येतो. त्याची तूर तुमच्या स्टॉलवर आहे, पिशवीवर त्याच्या मिलचं नाव आहे. नुसतं "हो, येतो" म्हणणाऱ्या दहांतले माझ्याकडे सहा-सात येतात. ज्यांनी नमुना पाठवला त्यांच्यातलं क्वचित कोणी चुकतं, आणि चुकलंच तर मिस्त्रीला तरी पाठवतात.

जाता जाता, छोटं मॉडेल स्टॉलवर चालवायचं असेल तर आयोजकांच्या पुस्तिकेतला विजेचा फॉर्म काढून बघा. तयार स्टॉलबरोबर सहसा दिवे आणि एखादा साधा प्लग मिळतो. थ्री फेज लागत असेल तर किलोवॅट लिहून वेगळं मागावं लागतं, आणि त्याला शेवटची तारीख असते. धूळ उडणारं मशीन चालवायला परवानगी आहे का, तेही लेखी विचारा. "चालवून दाखवतो" असं दहाजणांना लिहायचं आणि तिथे वीज नाही म्हणायचं, यापेक्षा न लिहिलेलं बरं.

आता स्टॉलच्या जागेबद्दल. हे मी ठेच लागून शिकलो. एका प्रदर्शनात, कोणत्या ते जाऊ द्या, आयोजकांनी शेवटच्या आठवड्यात हॉलचा नकाशा बदलला आणि माझा स्टॉल दुसऱ्या रांगेत गेला. ईमेल आला होता, मी उघडलाच नाही. अकराजणांना जुना नंबर देऊन बसलो होतो. अहमदपूरकडचे एक शेठ जुन्या नंबरवर गेले, तिथे कोणीतरी वेगळाच. फोन लावला तर हॉलमध्ये नेटवर्क नाही. वीस मिनिटं फिरले, आणि शेवटी ज्याच्या स्टॉलवर बसून पाणी प्यायले तो एलिव्हेटरच बनवत होता. ऑर्डर तिकडेच गेली. त्यांची काहीच चूक नव्हती.

तेव्हापासून मी जागा तीनदा कळवतो. पहिल्या मेसेजमध्ये फक्त हॉल आणि स्टॉल नंबर, आणि तोही आयोजकांना फोन करून "हा नंबर पक्का आहे ना" असं विचारल्यावरच. पक्का नसेल तर "स्टॉल नंबर पुढच्या आठवड्यात कळवतो" एवढं लिहितो. चुकीचा नंबर देण्यापेक्षा न दिलेला परवडतो. दुसऱ्यांदा, तीन दिवस आधी, वाट सांगतो: हॉलच्या कोणत्या दारातून शिरायचं, डावीकडे की उजवीकडे, कितवी रांग. खूण म्हणून शेजारचा छोटा स्टॉल सांगू नका, तो रिकामाही राहू शकतो. हॉलचं दार, खाण्याची जागा, किंवा मोकळी जागा घेऊन मोठा स्टॉल उभारणारी कंपनी, अशी न हलणारी खूण सांगा. गुगल मॅपचं लोकेशन पाठवायला हरकत नाही, पण ते माणसाला मैदानाच्या गेटपर्यंत आणतं, पुढचं चालणं तुमच्या शब्दांवर असतं. तिसऱ्यांदा, आदल्या संध्याकाळी, स्टॉल उभा राहिल्यावर रांगेच्या तोंडाशी उभं राहून फोटो काढा आणि पाठवा. स्टॉलचा आतून काढलेला फोटो नको. येणाऱ्याला जसा दिसेल तसा हवा.

या फोटोत बऱ्याचदा आणखी एक भानगड उघडी पडते. तयार स्टॉलच्या वरच्या पट्टीवर आयोजक तुमचं नोंदणीतलं नाव लावतात, तेही इंग्रजीत. तुमची नोंदणी वडिलांच्या नावाच्या एंटरप्रायजेसची असेल आणि बाजारात तुम्हाला मशीनच्या ब्रँडवरून ओळखत असतील, तर माणूस पट्टी वाचूनही पुढे निघून जाईल. पट्टीवर काय लिहायचं याचा फॉर्म असतो, तो भरा. तारीख गेली असेल तर मेसेजमध्ये "पट्टीवर अमुक नाव दिसेल" असं लिहा.

वेळापत्रक मी साधारण असं धरतो. चार आठवडे आधी "येताय का" हा फोन. तीन आठवडे आधी वरचा मेसेज. उत्तर आलं नाही तर चार-पाच दिवसांनी एक फोन, आणि त्यानंतर थांबायचं. तिसऱ्यांदा विचारलेला माणूस एकतर खोटं हो म्हणतो किंवा ब्लॉक करतो. होकार आला की लगेच एका ओळीत पक्कं करायचं: "शुक्रवार, सकाळी ११, हॉल ३, सी-२७." मग नमुना, मग तीन दिवस आधीची वाट, मग आदल्या दिवशीचा फोटो. त्या दिवशी सकाळी फोन करायचा नाही. तो गाडी चालवत असतो, आणि "आज जरा अडचण आहे" म्हणायची संधी आपणच त्याला देतो.

लातूर-उदगीरच्या माणसांना फोन कधी करायचा हे मी तुम्हाला काय सांगू. सौद्याच्या वेळेत नको, दुपारचं जेवण झाल्यावर किंवा संध्याकाळी सातनंतर. एवढंच बघा की पहिला फोन संक्रांतीच्या दिवशी पडू नये आणि वेळ अमावस्येला तर नकोच. त्या दिवशी अख्खा जिल्हा शेतात भज्जी-आंबील घेऊन बसलेला असतो. चुकून लावलात तर जेवायलाच बोलावतील, आणि तारखेचं राहून जाईल.

इथवर सगळं ओळखीच्या मिलवाल्यांबद्दल झालं. अनोळखी माणसाला लिहायचं असेल, समजा कर्नाटकातल्या कलबुर्गीच्या मिलला किंवा एखाद्या मोठ्या कंपनीच्या खरेदी विभागाला, तर थोडं बदलावं लागतं. त्यांच्या भाषेत लिहा, कलबुर्गीला हिंदी चालेल, कंपनीला इंग्रजी ईमेल. ईमेलच्या विषयाच्या ओळीतच दिवस, वेळ, हॉल आणि स्टॉल घाला, म्हणजे मेल न उघडताही कळेल. होकार आल्यावर कॅलेंडरचं निमंत्रण पाठवा आणि जागेच्या रकान्यात स्टॉल नंबर लिहा, शहराचं नाव नको. अनोळखी माणसाची अडचण तुम्हाला माहीत नसते, मग माहीत असल्यासारखं लिहू नका. "तुमच्या मिलमधल्या नुकसानाबद्दल" असं लिहिलंत तर पहिला प्रश्न येईल, तुम्हाला कोणी सांगितलं? त्यापेक्षा तुमच्याकडे झालेलं एखादं काम सांगा: "तुरीतली ढेकळं ग्रॅव्हिटीवर किती निघतात याच्या चाचण्या आम्ही तीन मिलच्या मालावर केल्या. आकडे आणि नमुने स्टॉलवर आहेत. तुमच्याकडे हा त्रास असेल तर १५ मिनिटं द्या." त्रास नसेल तर तो येणार नाही, आणि न आलेलाच बरा. इथे होकार बराच कमी मिळतो हेही धरून चाला. दहांत दोन आले तर मी खूश असतो.

आणखी एक वर्ग आहे ज्याला तुम्ही येणारे लोक समजतच नसाल, तो म्हणजे दुसरे स्टॉलवाले. सॉर्टेक्स विकणारे तुमच्याच गिऱ्हाइकांना विकतात, आणि त्यांच्या मशीनपुढे कचरा कमी आला तर त्यांचंच मशीन चांगलं दिसतं. अशा एक-दोघांशी बोलणं पाच मिलवाल्यांइतकं उपयोगी ठरू शकतं. पण ते स्वतःचा स्टॉल सोडून तुमच्याकडे येणार नाहीत, तुम्हीच जायचं. सकाळी हॉल उघडल्याबरोबर किंवा साडेपाचनंतर जा, मधल्या वेळेत ते तुम्हाला उभंही करणार नाहीत. त्यांना लिहिताना तुमचा स्टॉल नंबर ओळखीपुरता द्या आणि त्यांचा नंबर लिहून "मी तुमच्याकडे येतो" असं सांगा.

प्रत्यक्ष दिवशी दहा भेटींचा कागद स्टॉलच्या आतल्या बाजूला चिकटवा. तुमच्या माणसाला तो पाठ हवा, म्हणजे शेठ आले की "कोण आपण?" असं न विचारता तो "या शेठ, तुमची तूर काढून ठेवलीय" म्हणेल. ठरलेल्या वेळी दुसरं गिऱ्हाईक मध्ये आलं तर ते त्याने सांभाळायचं, तुम्ही नाही. पंधरा मिनिटं झाली की तुम्ही स्वतः सांगा, "मी म्हटलेली वेळ झाली, अजून बसायचं असेल तर बसू." बहुतेकजण बसतात. जो दहा मिनिटं होऊनही आला नाही त्याला एक मेसेज टाका: "मी दुपारी ४.३० पर्यंत स्टॉलवर आहे, सी-२७." नेटवर्क आलं की त्याला मिळेल. त्याचा माल मात्र त्याच्या नावाने तसाच ठेवा. न आलेल्याची तूर चालवून दुसऱ्याला दाखवू नका. त्याच्या मालात किती माती आहे हे उदगीरच्या बाजारात दुसऱ्या दिवशी पोचतं.

हे सगळं कुठे चालत नाही तेही सांगतो. शेतकऱ्यांसाठीच्या मोठ्या प्रदर्शनात ठरवलेल्या भेटी टिकत नाहीत. तिथे माणसं गावातून गाडी करून एकत्र येतात आणि गाडी पोचेल तेव्हा पोचते. तिथे वेळ न देता दिवस आणि स्टॉल एवढंच सांगा. तुमचं मॉडेल तिथे चालवता येणार नसेल तरी ढेकळांचं कारण वापरता येतं, फक्त चाचणी आधी घरी करून घ्या आणि भेटीत तूर आणि निघालेली ढेकळं दोन पारदर्शक पिशव्यांत वजन लिहून दाखवा. परिणाम जरा कमी होतो, पण भेट वाया जात नाही.

तुमच्याकडे अजून वेळ असेल तर आज दोनच गोष्टी करा. विजेच्या फॉर्मची शेवटची तारीख बघा, आणि सर्व्हिसच्या वहीतून "ढेकळं", "खडा", "रंग" असले शब्द बोललेली माणसं काढा. ती पंधराच्या वर भरली तर ॲपची यादी उघडायचीही गरज नाही.